काळ्या केसांवर ॲश ब्राउन तांबूस का दिसतो

प्रश्न : माझे केस जन्मापासून काळे आहेत आणि आजवर त्यांना कधी रंग लावला नव्हता. चवथीच्या आधी मी ६.१ ॲश ब्राउन आणि २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर आणून घरीच लावला. शेड कार्डावर राखाडी झाक असलेला तपकिरी रंग होता. पहिले चार दिवस ठीक वाटले, पण आता उन्हात केस तांबूस दिसतात आणि मुळांशी तर सरळ तांबडी मातीच. ट्यूब खराब होती का? आता आणखी फिकट ७.१ लावला तर लाली जाईल का?

उत्तर :

ट्यूब बहुधा चांगली होती, आणि ७.१ कृपा करून लावू नका. फोंड्याला माझे पार्लर आहे आणि तिथे गेली बावीस वर्षे हीच तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकत आले आहे. त्यातल्या बहुतेक वेळी दोष मालाचा नव्हता, हिशेबाचा होता. तो हिशेब नीट समजला तर पुढे काय करायचे ते तुम्हाला बऱ्याच अंशी आपोआप कळेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

काचेच्या पेल्यात कोरा चहा चांगला कडक उकळून घ्या आणि खिडकीसमोर धरा. तो जवळजवळ काळा दिसेल. त्यात थोडे गरम पाणी घाला, की काळेपणा जाऊन गडद लाल दिसू लागेल. आणखी घातले की नारिंगी, आणि शेवटी पिवळसर. पाण्यात लाल रंग नव्हता आणि तुम्ही वेगळा घातलाही नाही. दाटपणामुळे जो दिसत नव्हता तो विरळपणामुळे दिसू लागला. केसांतल्या मेलॅनिनचे नेमके असेच आहे. मेलॅनिन प्रकाशातला निळा भाग जास्त शोषते आणि तांबडा भाग कमी शोषते, त्यामुळे ते भरगच्च असेपर्यंत केस काळे दिसतात आणि ते विरळ करू लागलो की सर्वांत आधी तांबडा प्रकाश परतून येतो. केसांत तांबूस-पिवळसर जातीचे फिओमेलॅनिनही थोडे असते आणि ते काळ्या युमेलॅनिनपेक्षा चिवट असते, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. तेही कारण आहेच. पण फिओमेलॅनिन अगदी नगण्य असते तरी काळा केस उजळताना लालीतूनच गेला असता.

आमच्या धंद्यात केसांची गडदता १ ते १० अशा पायऱ्यांनी मोजतात. १ म्हणजे कुळकुळीत काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे न रंगवलेले केस बहुधा २ वर, फार तर ३ वर असतात. तिथून वर चढताना ३ आणि ४ वर केसांत लाल उघडा पडतो, ५ वर लाल-नारिंगी, ६ वर नारिंगी आणि ७ वर नारिंगीकडे झुकणारा पिवळा. थंड, राखाडी छटेला चांगली जागा मिळते ती या ६–७ च्या आसपास. ३ ते ५ हा टप्पा तांबड्याचाच आहे, आणि तुमचे केस नेमके तिथेच थांबले आहेत.

ते तिथे का थांबले, हे २० व्हॉल्यूम या शब्दात आहे. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. रंगाच्या क्रीममधला अमोनिया केसाचे बाहेरचे खवले फुगवून उघडतो आणि पेरॉक्साइड आत शिरून एकाच वेळी दोन कामे करते. एक म्हणजे तुमचे स्वतःचे मेलॅनिन तोडणे, ज्याला आम्ही लिफ्ट म्हणतो, आणि दुसरे म्हणजे ट्यूबमधल्या बिनरंगी घटकांचे केसाच्या आत रंगीत कण तयार करणे. ६ टक्क्यांच्या डेव्हलपरने न रंगवलेल्या केसांना एक ते दोन पायऱ्यांची लिफ्ट मिळते, त्याहून फारशी नाही. तुमचे केस २ वर होते, म्हणजे ते ३ किंवा ४ पर्यंत चढले. ट्यूबवरचा ६ हा आकडा तुमच्या केसांना दिलेले वचन नव्हे. मुळात ५ किंवा ६ च्या आसपास असलेल्या केसांवर तो रंग कसा बसेल, एवढेच तो सांगतो. शेड कार्डावरचे ते सुंदर गुच्छ तर नायलॉनच्या किंवा आधीच पांढऱ्या केलेल्या धाग्यांचे असतात. त्यांच्यात झाकायला मेलॅनिनच नसते. पांढऱ्या भिंतीवर दिलेला हात पाहून आपण तो चिऱ्याच्या भिंतीवर द्यायला सांगावा, तसे हे होते.

आता .१ या अंकाकडे वळू. टिंबाच्या पुढचा अंक छटेचा असतो आणि .१ म्हणजे ॲश. बहुतेक कंपन्यांच्या ॲशचा पाया निळा किंवा निळा-जांभळा असतो, काहींचा हिरवट असतो. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी असतो आणि हिरव्याच्या समोर लाल; समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. तुमच्या केसांत या घडीला उघडा पडला आहे तो लाल. त्यावर निळा टाकला तर राख तयार होत नाही, फार तर वांग्याच्या सालीकडे झुकणारी जांभळट झाक येते, आणि निळा उतरू लागला की पुन्हा लाल. म्हणजे ४ वरच्या केसांना निळ्या पायाचा ॲश लावणे हा निम्माच इलाज आहे. तिथे हिरव्या पायाची छटा हवी, जिला बहुतेक जण मॅट म्हणतात. इथे एक सावधगिरी सांगून ठेवते. टिंबाच्या पुढचे अंक सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात, एका कंपनीचा .२ जांभळट निघतो, दुसरीचा .२ हिरवट. अंक पाहून ट्यूब उचलू नये, त्या कंपनीच्या तक्त्यात पाया कोणता लिहिला आहे ते वाचावे.

याहून महत्त्वाची, आणि गिऱ्हाइकांना फारशी कोणी न सांगणारी गोष्ट म्हणजे ट्यूबमध्ये असलेल्या रंगाचे प्रमाण. शेड जितकी फिकट, तितका तिच्यात रंग कमी. ४.१ मध्ये जेवढे रंगद्रव्य असते त्यापेक्षा ६.१ मध्ये कमी आणि ८.१ मध्ये तर अगदीच थोडे, कारण फिकट शेड फिकट केसांवर बसण्यासाठी बनवलेली असते आणि तिथे झाकायचेही थोडेच असते. काळ्या केसांवर मात्र उलटा प्रकार होतो. लाली भरपूर उघडी पडते आणि तिला मारायला ट्यूबमधून चिमूटभर निळा येतो. जेवढी शेड फिकट निवडाल तेवढी ही तफावत वाढते. ७.१ लावू नका असे मी सुरुवातीलाच लिहिले त्याचे हे कारण.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. पार्लर सुरू करून वर्षही झाले नसेल, तेव्हा तुमच्यासारखीच एक मुलगी आली होती. ५.१ ने तिचे केस तांबूस झाले होते आणि मी आत्मविश्वासाने ७.१ मध्ये ३० व्हॉल्यूम, म्हणजे ९ टक्क्यांचा डेव्हलपर कालवून लावला. माझा तर्क असा की जास्त फिकट म्हणजे जास्त राखाडी. धुतल्यावर तिचे केस आमच्या देवघरातल्या घासलेल्या तांब्यासारखे चमकत होते. मधल्या भागात आधीचा रंग असल्यामुळे तिथे काहीच उजळले नव्हते, आणि नव्याने वाढलेला दोन बोटांचा काळा भाग मात्र आणखी वर चढून नारिंगी झाला होता. रंग रंगाला उजळवत नाही, हे वाक्य मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. त्या मुलीचे पैसे मी घेतले नाहीत, पण ती पुन्हा कधी आली नाही.

तुमच्या मुळांशी लाली जास्त का, तेही यातच आहे. टाळूपासून साधारण एक-दीड सेंटिमीटरपर्यंतच्या केसांना अंगाची ऊब मिळते आणि उबेत पेरॉक्साइड जलद काम करते. घरी लावताना आपण साहजिकच मुळांपासून सुरुवात करतो, लांब केसांना टोकापर्यंत पोचायला वीस-पंचवीस मिनिटे जातात, आणि तोवर मुळांना इतरांपेक्षा तेवढा वेळ जास्त मिळालेला असतो. ऊबही जास्त आणि वेळही जास्त, म्हणून लांबी ४ वर राहते आणि मुळे ५ वर जातात. न रंगवलेल्या केसांना पहिल्यांदा रंग लावताना आम्ही मुळे सोडून मधल्या भागापासून सुरुवात करतो आणि मुळांना शेवटी, वीसेक मिनिटांनी लावतो. उलट झाले की अशी तांबडी पट्टी हमखास येते. घाबरून लवकर धुणे ही आणखी एक चूक. रंग टाकून पंधरा-वीस मिनिटांत लिफ्ट बरीचशी होऊन जाते, पण केसाच्या आत राखाडी कण पक्के तयार व्हायला पुढचा वेळ लागतो. डब्यावर ३५ मिनिटे लिहिली असताना २० मिनिटांत धुतले तर उजळणे पदरात पडते आणि राख नाल्यात जाते.

पहिले चार दिवस ठीक होते आणि मग लाली आली, असे तुम्ही लिहिले आहे. लाली नंतर आली नाही. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती, फक्त तिच्यावर पातळ निळे पांघरूण होते. तुटलेले मेलॅनिन परत येत नाही, म्हणून लिफ्ट कायमची असते. वरून बसलेला रंग मात्र प्रत्येक धुण्यात थोडा निघतो आणि उन्हात विटतो, आणि ॲशमधला निळा त्यात सर्वांत आधी हार मानतो. आपल्याकडचे ऊन आणि समुद्रस्नान यांनी हे काम आणखी लवकर होते. स्कूटरवर रोज पणजीला जाणाऱ्या एका ताईंचे केस मी दर दोन महिन्यांनी पाहते. हेल्मेटच्या आत राहणारा डोक्याचा भाग अजून तपकिरी असतो आणि मागे बाहेर लोंबणारी वेणी मात्र मध्यापासून टोकापर्यंत तांबडी झालेली असते. एकाच डोक्यावर, एकाच दिवशी लावलेल्या रंगाचे हे दोन भाग समोरासमोर ठेवले की उन्हाविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे काय करायचे ते सांगण्याआधी एक प्रश्न मात्र मी विचारतेच, आणि तो तुम्हालाही विचारते. कधी रंग लावला नव्हता, म्हणजे मेंदीही लावली नव्हती का? माझ्याकडे हा संवाद आठवड्यातून एकदा तरी होतो.

"आधी कधी कलर केला होता?"

"नाही हो ताई, कधीच नाही."

"मेंदी?"

"मेंदी तर लावतेच. ती काय कलर थोडाच!"

मेंदीतले लॉसोन हे द्रव्य केसाच्या केराटिनला घट्ट चिकटते, त्याचा स्वतःचा रंग लाल-नारिंगी असतो आणि पेरॉक्साइडने ते सहज निघत नाही. काळ्या केसांवर मेंदी नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, पण मेलॅनिन विरळ झाले की आपली लाली आणि मेंदीची लाली अशा दोन्ही एकदम वर येतात. "नॅचरल काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये तर बऱ्याचदा पीपीडी हे नेहमीच्या काळ्या डायमधलेच द्रव्य असते, म्हणजे तो नावाने मेंदी असलेला रंगच. काही पुड्यांमध्ये धातूंचे क्षारही असतात आणि त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापून तुटण्यापर्यंत मजल जाते. म्हणून अशी शंका असेल तेव्हा कात्रीने कापलेली छोटी बट काचेच्या वाटीत, डोक्यापासून दूर, तयार मिश्रणात अर्धा तास ठेवून पाहावी. वाटी गरम झाली, फेस आला किंवा वास उठला तर त्या केसांवर पेरॉक्साइडचे काहीही लावायचे नाही. तो भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबायचे.

तुमच्या केसांना मेंदी लागलेली नाही असे धरून चालते. आता दुरुस्ती. प्रथम केस धुऊन पूर्ण वाळवा आणि सकाळच्या उजेडात दाराशी उभ्या राहून पाहा. ओले केस जवळजवळ एक पायरी गडद आणि जास्त थंड दिसतात, आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली कुठलाही तपकिरी तांबूसच दिसतो, त्यामुळे या दोन्ही परिस्थितींत निर्णय घेऊ नये. तुमच्या वर्णनावरून मुळे ५ च्या आसपास आणि लांबी ४ च्या आसपास असावी. आता नवी लिफ्ट अजिबात नको. हवा आहे तो अमोनिया नसलेला डेमी-परमनंट रंग, जो त्याच कंपनीच्या सौम्य, साधारण २ टक्क्यांच्या डेव्हलपरबरोबर लावतात. तो वरून रंग बसवतो, मेलॅनिनला जवळजवळ हात लावत नाही. त्याची पायरी केस जिथे आहेत तिथली किंवा किंचित गडद असावी लागते. अशा नुसती छटा बदलणाऱ्या रंगाला आम्ही टोनर म्हणतो, आणि केसांपेक्षा फिकट टोनर लाल केसांवर दिसतच नाही. म्हणून तुमच्यासाठी ४.१, तोही हिरव्या पायाचा. पाया निळा असेल तर ६० ग्रॅम क्रीममध्ये हिरवा करेक्टर, म्हणजे छटा सुधारायला मिसळायचा नुसता हिरवा रंग, ५ ग्रॅमपर्यंत मिसळावा, त्याहून जास्त नाही. जास्त झाला तर टोकांवर शेवाळी झाक येते आणि ती काढणे लालीपेक्षा त्रासाचे असते.

पाठीच्या मध्यापर्यंतच्या दाट केसांना साधारण १२० ग्रॅम क्रीम लागते. डेव्हलपरचे प्रमाण त्या कंपनीने सांगितले असेल तेच, कुठे १:१.५, कुठे १:२. या वेळी मात्र सुरुवात मुळांपासून करायची, कारण लाली तिथेच जास्त आहे. दहा मिनिटांनी मधला भाग, आणि टोके अगदी शेवटच्या पाच मिनिटांत, केस किंचित ओले करून. टोके जुनी आणि सच्छिद्र असल्यामुळे निळा-हिरवा रंग अधाशासारखा पितात आणि काळपट होतात. दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या टॉवेलने पुसून पाहायची. लाली झाकली गेली आणि तपकिरी मंद दिसू लागला की वीस मिनिटे झाली नसली तरी धुऊन टाकायचे. डेमी रंगातही त्याच कुळातली द्रव्ये असतात, म्हणून ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून खाज किंवा पुरळ येत नाही ना, ते पाहावेच. मागच्या वेळी काही झाले नाही हा त्याला पर्याय नव्हे, कारण ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही सुरू होते.

यातून जो रंग मिळेल तो शेड कार्डावरचा ६.१ नसेल. तो गडद, लाली नसलेला, कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी असेल. सावलीत काळाच वाटेल आणि उन्हात त्याची छटा कळेल. हे आधी सांगितलेले बरे, नाहीतर तुमची पुन्हा निराशा होईल.

खराखुरा ६ वरचा ॲश ब्राउनच हवा असेल तर एका ट्यूबमध्ये ते काळ्या केसांवर होत नाही. केस आधी लालीच्या पलीकडे, ७ पर्यंत न्यायचे आणि मग त्यावर ६.१ बसवायचा, अशी दोन कामे वेगवेगळी करावी लागतात. गेल्या उन्हाळ्यात एका शाळेतल्या शिक्षिका हाच रंग मागत आल्या होत्या. केस २ वरचे, जाड, कधी काही न लावलेले. मी त्यांना तारीख दिली नाही, आधी दोन बटा घेतल्या, कानामागच्या खालच्या थरातल्या, वर दिसणार नाहीत अशा. एकीला ६.१ आणि ६ टक्क्यांचा डेव्हलपर लावून फॉइलमध्ये ४० मिनिटे ठेवले. दुसरीला ब्लीच पावडर आणि तोच ६ टक्के डेव्हलपर १:२ प्रमाणात, आणि फॉइल थोडी उघडून दर दहा मिनिटांनी पाहत गेले. दहा मिनिटांनी बट विटकरी होती, वीस मिनिटांनी पिकल्या ओल्या सुपारीच्या सालीसारखी, तिशीत उघड नारिंगी, आणि ४५ मिनिटांनी नारिंगीतून पिवळ्याकडे सरकलेली. तिथे मी ती धुतली. तिच्यावर ६.१ चा डेमी २ टक्क्यांच्या डेव्हलपरबरोबर वीस मिनिटे ठेवला. दोन्ही बटा वाळवून पार्लरच्या दाराबाहेर पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी धरल्या. पहिली सरळ तांबूस, तुमच्या केसांसारखी. दुसरी पावसात भिजून वाळलेल्या जुन्या सागवानी फळीच्या रंगाची, म्हणजे हवा होता तोच ॲश ब्राउन. नावाला दोन्हींवर एकच ६.१ होता.

त्यांना मी दोन्ही बटांची टोके बोटांत चोळून पाहायला सांगितली. दुसरी किंचित खरखरीत लागत होती आणि ओढल्यावर जास्त ताणली जात होती. सगळे डोके असे ब्लीच करायचे तर दोन बैठका, मध्ये तीन-चार आठवड्यांचे अंतर, आणि पुढे दर दीड महिन्याने टोनर, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा काय ते." आम्ही शेवटी वरच्या थरातल्या सुमारे चौथाई केसांच्या बारीक बटा फॉइलमध्ये घेऊन ७ पर्यंत नेल्या, त्यांच्यावर ६.१ बसवला आणि उरलेले केस जसे होते तसे काळे ठेवले. काळ्यामधून ते राखाडी-तपकिरी धागे गेले की डोळ्याला एकूण रंगच ॲश ब्राउन वाटतो. मुळांशी वाढलेले केसही मग पट्टी पाडत नाहीत. माझ्या मते काळ्या केसांच्या बाईला ॲश हवा असेल तर हा सर्वांत शहाणा मार्ग आहे. सगळ्या डोक्याला एकसारखा लावायचा ग्लोबल ॲश ज्या पार्लरमध्ये एका तासात करून देतात, तिथून पंधरा दिवसांनी माणसे माझ्याकडे येतात, एवढेच म्हणते.

तुमच्या बाबतीत ब्लीचचा विचार आत्ता करूच नका. तुमच्या केसांत आता ६.१ बसलेला आहे, आणि रंगवलेला केस कोरा केस जितक्या सरळपणे उजळतो तितक्या सरळपणे उजळत नाही. लाली जास्त त्रास देत असेल म्हणून १२ टक्क्यांचा डेव्हलपर घेऊन ६.१ पुन्हा लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही घेऊ नका. टाळूला जळजळ होईल आणि केस ५ वर, म्हणजे लाल-नारिंगीतच राहतील.

दुरुस्ती झाल्यावरही लाली चार-सहा आठवड्यांत डोके वर काढेल, ते गृहीत धरा. तिला रोखायला बाजारात जांभळा शाम्पू आणि निळा शाम्पू असे दोन मिळतात. जांभळा पिवळ्यासाठी असतो, फिकट सोनेरी केसांच्या कामाचा. तुमच्या केसांवर तो वाया जाईल. नारिंगीसाठी निळा. आणि ४ वरच्या लालीवर निळाही अर्धवटच चालतो, म्हणून आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटे, इतकाच पुरे. केस कोमट किंवा गार पाण्याने धुवा. तुमच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने बादलीच्या तळाशी गंजासारखा थर बसत असेल तर तेच लोह केसांवरही बसते आणि तांबूसपणात भर घालते. शेवटचा तांब्याभर तरी नळाच्या पाण्याचा घ्या. समुद्रात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून वर थोडा कंडिशनर लावा, म्हणजे खारे पाणी आत कमी शिरेल. खोबरेल लावून उन्हात बसण्याने रंग टिकतो हा आपल्याकडचा समज आहे, पण तेलाने ऊन अडत नाही. ओढणी किंवा छत्रीने अडते.

पुढच्या वेळी मुळे वाढली की रंग फक्त त्या वाढलेल्या भागालाच लावा, तोही ४.१ आणि ६ टक्क्यांनी, आणि लांबीला शेवटची पाच-सात मिनिटे फक्त डेमी. मधेच एखादा पांढरा केस दिसू लागला असेल तर त्यावर हाच ॲश निळसर-करडा बसेल, कारण तिथे मारायला लालीच नाही. अशा वेळी मिश्रणात निम्मा साधा ४ मिसळतात. आणि काहीही लावण्याआधी कानामागची एक बट घ्या, पूर्ण वेळ ठेवा, धुवा, वाळवा आणि दाराशी जाऊन पाहा. ती तांबूस निघाली तर सगळे डोकेही तांबूसच निघणार आहे.